स्क्रीनवरचा केशरी संत्रा छापल्यावर मातकट का होतो, आणि तो सावरायचा कसा

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याचा हंगाम लागला की फ्लेक्सच्या दुकानात एक वाद हमखास होतो. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करून म्हणतं, "हा पाहा रंग, अन् तुम्ही छापलं काय?" दुकानदार म्हणतो, "भाऊ, मशीन बरोबर आहे, फाईलच तशी आली." दोघंही खरं बोलत असतात. मोबाईलवर केशरी होता तो फ्लेक्सवर विटकरी झाला, निळं आभाळ जांभळट झालं, पोपटी पानं शेवाळी झाली. मशीन बिघडलेली नव्हती, शाईही जुनी नव्हती.

आता एआयकडून चित्रं करून घ्यायची सोय घरोघरी आल्यापासून हा घोळ वाढला आहे, कारण ती चित्रं मुळातच स्क्रीनवर झळकावीत अशी भडक बनतात. आपण एकच उदाहरण धरून शेवटापर्यंत जाऊ. गावातला एक महिला बचत गट संत्रा बर्फी करतो. त्यांना डब्यावर लावायला ४ इंच × ३ इंचाचं स्टिकर लेबल हवंय आणि रस्त्याकडेच्या स्टॉलसाठी ८ फूट × ४ फुटांचा फ्लेक्स हवाय. दोन्हीवर चित्र एकच: संत्र्याची बाग, फळांनी लगडलेली फांदी, मागे आभाळ.

रंग हरवतो कुठे

स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते. लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे कमीजास्त करून ती सगळे रंग बनवते. यालाच आरजीबी म्हणतात. झळकता केशरी म्हणजे लाल दिवा पूर्ण, हिरवा साधारण अर्धा आणि निळा बंद. छपाईत दिवा नसतो. कागदावर किंवा फ्लेक्सवर बाहेरून पडलेला उजेड परत फिरतो आणि वाटेत शाई त्यातला काही भाग गिळते. निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांच्या पद्धतीला सीएमवायके म्हणतात. पिवळा पूर्ण आणि मॅजेंटा निम्मा-अर्धा टाकला की केशरी मिळतो, पण त्या केशरीची चमक पांढऱ्या कागदावरून जेवढा उजेड परत येतो तेवढ्याच्या आतली असते.

म्हणून स्क्रीनवर दिसणारे काही रंग या चार शायांत बसतच नाहीत. भडक केशरी, गडद झळकता निळा आणि पोपटी हे त्यातले नेहमीचे तीन. आमच्या चित्रात संत्रे, आभाळ आणि पानं असे तिन्ही एकत्र आले आहेत.

फाईल सीएमवायकेत बदलली की सॉफ्टवेअर न बसणारा रंग जवळच्या बसणाऱ्या रंगावर आणून ठेवतं. त्यात नुसता फिकेपणा येत नाही. संत्र्याच्या सालीवर बारीक टिपके असतात ना, ते एका केशरीच्या थोड्या वेगळ्या छटांनी बनलेले असतात. त्या सगळ्या छटा बाहेरच्या असतील तर सगळ्या एकाच रंगावर येऊन पडतात आणि सालीवरचे टिपके पुसले जातात. छापलेलं फळ प्लास्टिकच्या चेंडूसारखं सपाट दिसलं तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आधी फळ हातात घ्या

इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. आपला नागपुरी संत्रा निऑनसारखा केशरी नसतोच. तो पिवळसर केशरी असतो, आंबिया बहाराच्या फळावर तर पुष्कळदा हिरवट झाकही असते. साल सैल, देठाकडे जराशी वर आलेली मान. हा खरा रंग चार शायांत बराचसा बसतो. न बसणारा रंग असतो तो एआयने काढलेल्या, घट्ट सालीच्या, चकाकणाऱ्या परदेशी ऑरेंजचा. म्हणजे चित्र खऱ्या फळाच्या जवळ नेलं तर रंगाचं निम्मं काम छपाईच्या आधीच होतं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या वऱ्हाडी माणसाला ते आपल्या मातीतलंही वाटतं.

तेव्हा चित्र करून घेताना सूचना नेमकी द्या. मी साधारण अशी लिहितो: "विदर्भातली संत्र्याची बाग, सैल सालीचे, देठाकडे थोडी मान असलेले पिवळसर केशरी संत्रे, काही फळांवर हिरवट झाक, सकाळचा मऊ उजेड, फिकट आभाळ, रंग नैसर्गिक, भडक नकोत, चित्रात कुठेही अक्षरं नकोत." सूर्यास्त, चमचमतं दव, मागून येणारा झगमगता प्रकाश हे टाळा. स्क्रीनवर ते फार देखणं दिसतं आणि छापताना तेच आधी मरतं.

अक्षरं नकोत असं मुद्दाम लिहायचं, कारण या चित्रांतली देवनागरी अजून भरवशाची नाही. जोडाक्षरं मोडतात, वेलांट्या भलतीकडे जातात. नाव, वजन, किंमत, पत्ता हे सगळं नंतर वेगळं टाईप करायचं.

बर्फीच्या तुकड्याचा फोटो मात्र एआयकडून करून घेऊ नका. डब्यात जे आहे तेच लेबलवर दिसायला हवं, खाण्याच्या मालाच्या लेबलने गिऱ्हाइकाची दिशाभूल करता येत नाही. बर्फी आपली, खिडकीजवळच्या उजेडात मोबाईलने काढलेली, बाग एआयची. एवढी वाटणी पुरेशी आहे.

चित्र पुरेल का, हे मोजून पाहा

समजा, एआयने १५३६ × १०२४ पिक्सेलचं आडवं चित्र दिलं. लेबल ४ × ३ इंचाचं आहे, पण कापताना पांढरी कड दिसू नये म्हणून चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र ठेवावं लागतं. याला छपाईवाले ब्लीड म्हणतात. म्हणजे उंची ३ इंचांची साधारण ३.२४ इंच झाली. १०२४ भागिले ३.२४ केलं की इंचाला ३१६ पिक्सेल येतात. हातात धरून बघायच्या लेबलला ३०० लागतात, म्हणजे चित्र आहे तसं पुरतं. मोठं करायची गरज नाही.

फ्लेक्सची रुंदी ८ फूट म्हणजे ९६ इंच. १५३६ भागिले ९६ म्हणजे इंचाला फक्त १६ पिक्सेल. हे कमी पडतं, पण ३०० लागत नाहीत. रस्त्याकडेचा फ्लेक्स माणूस दहा-पंधरा फुटांवरून बघतो, तिथे ५० ते ७२ भरपूर झाले. चित्र चौपट मोठं करणारं एखादं अपस्केलिंगचं साधन वापरलं की ६१४४ × ४०९६ पिक्सेल होतात, म्हणजे इंचाला ६४. मोठं केल्यावर शंभर टक्के आकारात उघडून पानं आणि साल नीट बघा. अपस्केलिंगमध्ये सालीचे टिपके कधी जाळीसारखे एकसारखे होतात, पानांच्या कडा मेणासारख्या वितळतात. तसं दिसलं तर दुप्पटच मोठं करा. थोडं मऊ दिसणारं चित्र लांबून खटकत नाही, खोटी जाळी मात्र खटकते.

एक गोष्ट आधीच बघून ठेवा. लेबलसाठी चित्र बाजूंनी कापलं जाईल, फ्लेक्ससाठी वरून-खालून. म्हणून मुख्य फांदी मधोमध हवी आणि चारही कडांना सोडता येईल असं काहीतरी हवं.

छापणाऱ्याला आधी विचारा

संगणकावर रंग लावत बसण्याआधी दोन्ही दुकानांत फोन करा. फ्लेक्सवाल्याला विचारा की फाईल आरजीबी हवी की सीएमवायके, टिफ हवी की जेपीजी, आणि फ्लेक्स साधा समोरून दिसणारा की आतून ट्यूब लावायचा बॅकलिट. बॅकलिटला शाई जाड लागते; साध्या फ्लेक्सची फाईल तिथे छापली तर दिवा लावल्यावर रंग धुऊन गेल्यासारखे दिसतात. लेबलवाल्याला विचारा की कागद कोणता, वर लॅमिनेशन चकचकीत की मॅट, आणि त्याच्या मशीनचं रंगाचं प्रोफाईल, म्हणजे त्या मशीनवर कोणता रंग कसा उमटतो ते सॉफ्टवेअरला सांगणारी फाईल, मिळेल का. चकचकीत लॅमिनेशनखाली रंग खोल दिसतात, मॅटखाली जरा धुरकट होतात. तपकिरी क्राफ्ट कागदावर छापायचं असेल तर केशरीची आशा धरू नका. तिथे पांढरा नाहीच, त्यामुळे प्रत्येक रंगात कागदाचा तपकिरी मिसळतो.

आरजीबी-सीएमवायकेचा प्रश्न विचारायचं कारण असं. फ्लेक्सच्या मशीनसोबत आरआयपी नावाचं सॉफ्टवेअर असतं, ते आलेल्या फाईलचे रंग मशीनच्या शायांत वाटतं. तुम्ही फाईल कागदाच्या हिशेबाने एकदा बदललेली असते आणि आरआयपी ती पुन्हा बदलतं. दोनदा बदल झाला की रंग दोनदा सरकतात. दुकानदार म्हणाला आरजीबी चालेल, तर फ्लेक्सची फाईल आरजीबीच ठेवा आणि फक्त भडकपणा कमी करा. तालुक्याच्या गावी बहुतेक जण सीएमवायके मागतात, म्हणून पुढची पायरी तशी धरली आहे.

रंग बदलण्याची पायरी

मोबाईलवर हे काम करू नका. मोबाईलचा डिस्प्ले पुष्कळदा व्हिव्हिड मोडवर असतो आणि रंग आहेत त्याहून गडद दाखवतो. संगणकाच्या मॉनिटरचा ब्राइटनेस खोलीतल्या पांढऱ्या कागदाइतका वाटेपर्यंत खाली आणा. फार उजळ मॉनिटरवर नीट दिसणारं चित्र छापल्यावर काळवंडतं, ते यामुळेच.

फोटोशॉपमध्ये चित्र उघडल्यावर आधी `Edit > Assign Profile` मध्ये जाऊन बघा. एआयच्या पुष्कळ चित्रांना कोणतंच प्रोफाईल जोडलेलं नसतं. तसं असेल तर `sRGB IEC61966-2.1` जोडा. मग `View > Proof Setup > Custom` मध्ये छापणाऱ्याने दिलेलं प्रोफाईल निवडा. त्याने दिलं नसेल तर चांगल्या गुळगुळीत कागदासाठी `Coated FOGRA39` घ्या. `Ctrl+Y` दाबलं की छापल्यावर साधारण कसं दिसेल ते स्क्रीनवर येतं, आणि `Shift+Ctrl+Y` दाबलं की न बसणारे रंग राखाडी होतात. क्रिटा हे फुकट सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातही हीच दोन बटणं हेच काम करतात.

आता राखाडी डाग कुठे आहेत ते बघा. फळाच्या चकाकत्या टोकावर ठिपकाभर राखाडी असेल तर सोडून द्या. अख्खं फळच राखाडी झालं असेल तर ह्यू-सॅच्युरेशनमध्ये लाल आणि पिवळ्याची तीव्रता हळूहळू खाली आणा. सगळ्या चित्राची तीव्रता एकदम खाली ओढू नका, नाहीतर खोडं आणि माती विनाकारण मरगळते. पानांसाठी हिरवा, आभाळासाठी निळा वेगळा हाताळा. राखाडी बहुतेक गेलं आणि सालीचे टिपके दिसत राहिले की थांबा.

त्यानंतर `Edit > Convert to Profile` मध्ये तेच प्रोफाईल निवडा आणि इंटेंटच्या जागी `Perceptual` घ्या. नेहमी तिथे `Relative Colorimetric` असतं. ते बसणाऱ्या रंगांना हात लावत नाही, फक्त बाहेरचे छाटतं. परसेप्च्युअल सगळ्या रंगांना एकत्र थोडं आत घेतं, त्यामुळे छटांमधला फरक टिकतो. फोटोसारख्या बागेच्या चित्राला मला हेच बरं वाटतं.

बदल झाल्यावर माऊस फळावर नेऊन `Info` पॅनेलमधले आकडे वाचा. डोळ्यापेक्षा इथे आकड्यावर विश्वास ठेवा. उजळ भागात पिवळा नव्वदच्या पुढे, मॅजेंटा पस्तीस ते पंचावन्न आणि सायन शून्याजवळ हवा. सायन हा केशरीचा वैरी. पाच-सात टक्के जरी शिरला तरी संत्रा मातकट होतो. शिरला असेल तर `Selective Color` मध्ये `Reds` आणि `Yellows` निवडून सायन कमी करा. पण सावलीच्या बाजूचा सायन पूर्ण काढू नका, फळाला गोलाई त्याच्यामुळेच येते.

आभाळाचं गणित सोपं आहे. सायन आणि मॅजेंटा जवळजवळ आले की निळा जांभळा होतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी खाली ठेवा. फिकट आभाळाला सायन ५५ आणि मॅजेंटा १० ते १५ छान बसतो. पानांत उलट मॅजेंटावर लक्ष ठेवा, तो वाढला की हिरवा तपकिरीकडे जातो.

पट्टी छापून घ्या

एवढं करूनही स्क्रीनवरून शेवटचा निर्णय घेऊ नका. एक फूट × एक फूट जागेत रंगांची पट्टी तयार करा. पहिल्या ओळीत पिवळा १०० कायम ठेवून मॅजेंटा ३५, ४०, ४५, ५०, ५५, ६० असे सहा चौकोन. दुसऱ्या ओळीत तेच सहा, पण प्रत्येकात सायन ५. मातकटपणा कसा येतो ते इथे समोर दिसतं. तिसऱ्या ओळीत सायन ६० आणि मॅजेंटा ०, १०, २०, ३०, ४०, ५०. प्रत्येक चौकोनाखाली आकडा लिहा. उरलेल्या जागेत मूळ चित्रातलं एक फळ फ्लेक्सवर जेवढं मोठं येणार आहे तेवढंच ठेवा.

ही पट्टी आणि फळ एकाच टिफ फाईलमध्ये काढा, आणि मोठी फाईल ज्या सेटिंगवर छापली जाणार त्याच सेटिंगवर छापायला सांगा. कोरलड्रॉमध्ये काढलेले चौकोन वेगळे आणि चित्र वेगळं दिलं तर आरआयपी दोघांना वेगळी वागणूक देऊ शकतं, मग पट्टीचा उपयोग राहत नाही. दुसऱ्याच्या मोठ्या कामाच्या कडेला फ्लेक्सची थोडी जागा रिकामी राहते. दुकानदार ओळखीचा असेल तर तेवढ्या जागेत रंगांची पट्टी छापून देतो. लेबलची पट्टी त्याच स्टिकर कागदावर, लॅमिनेशनसकट घ्या.

पट्टी दुकानातल्या ट्यूबखाली बघू नका. बाहेर सावलीत, दिवसाच्या उजेडात धरा आणि शेजारी बागेतला खरा संत्रा ठेवा. जो चौकोन फळाला सगळ्यात जवळचा वाटेल त्याचा आकडा लिहून घ्या. लेबलवर मॅजेंटा ५० जुळला आणि फ्लेक्सवर ४० जुळला, असं सहज होऊ शकतं. शाई वेगळी, पृष्ठभाग वेगळा, मग आकडाही वेगळा. म्हणूनच एकच फाईल दोन्हीकडे पाठवायची नाही. नावामागे केशरी पट्टा घेणार असाल तर तो लेबलवर आणि फ्लेक्सवर आपापल्या आकड्याने भरा. डबा आणि फ्लेक्स शेजारी ठेवले तर रंग तेव्हाच एक दिसेल.

पुढे माल वाढला आणि हजारोंनी डबे ऑफसेटवर छापायची वेळ आली, तर त्या केशरी पट्ट्यासाठी वेगळी तयार शाई, म्हणजे स्पॉट कलर, घेता येतो. चार शायांतून न मिळणारा झळाळता केशरी त्यातून मिळतो. पण त्याला पाचवी प्लेट लागते, आणि थोडक्या लेबलांना तो खर्च परवडत नाही.

अक्षरं आणि फाईल पाठवणं

मजकूर कोरलड्रॉमध्ये चित्राच्या वर टाईप करा. लेबलवरची घटकपदार्थांची बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा, बाकीच्या तिन्ही शून्य. चारही शायांचा काळा वापरला तर शाया केसभर सरकल्या तरी अक्षराला रंगीत सावली पडते आणि वेलांटी-अनुस्वार वाचता येत नाहीत. बारकोड पांढऱ्या जागेवर, तोही फक्त काळ्या शाईत. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांचा काळा गडद दिसावा म्हणून थोडा सायन-मॅजेंटा मिसळला तर चालतो, पण चारही शंभर करू नका. एवढी शाई नीट वाळत नाही आणि गुंडाळलेला फ्लेक्स एकमेकांना चिकटतो.

सगळं तपासून झालं की अक्षरं निवडून `Ctrl+Q` ने कर्व्ह करा. दुकानातल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला तरी मग मजकूर बदलत नाही. कर्व्ह केल्यावर अक्षर दुरुस्त करता येत नाही, म्हणून एक प्रत टाईप केलेली ठेवा. फ्लेक्सच्या चारही कडांना तीन-तीन इंच काही महत्त्वाचं ठेवू नका, तिथे रिंगा लागतात किंवा कड फ्रेमवर दुमडली जाते.

फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून कधीच पाठवू नका. ती दाबून लहान केली जाते, तुम्ही मोठे केलेले पिक्सेल तिथेच जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर न्या. सोबत एका ओळीत मोजमाप, फ्लेक्सचा प्रकार आणि "रंग बदलू नये" एवढं लिहून द्या. काही ठिकाणी छापणारी मुलं चांगल्या हेतूने ब्राइटनेस वाढवून देतात आणि तुम्ही जुळवलेला आकडा बिघडतो.

फ्लेक्स लावल्यावर उन्हाचाही हिशेब धरा. रस्त्याकडेचे जुने फ्लेक्स निळसर पडलेले दिसतात, कारण पिवळा आणि मॅजेंटा आधी उडतात आणि केशरी याच दोघांचा बनलेला असतो. स्टॉल उन्हाळ्यातही चालवायचा असेल तर पट्टीवर जुळलेल्या चौकोनाच्या पुढचा, म्हणजे मॅजेंटा पाचने जास्त असलेला चौकोन घ्या, आणि स्टॉलचं तोंड शक्यतो पश्चिमेकडे ठेवू नका. दुकानदाराने शाई किंवा फ्लेक्सचा रोल बदलला असेल तर जुने आकडे तसेच वापरू नका, पहिल्या ओळीचे सहा चौकोन पुन्हा छापून बघा.